भाचीची नवी बॅट ठोकून तयार करताना: पाच नंबरच्या बॅटच्या नोंदी

१ ऑक्टोबर

भाची बारा वर्षांची आहे. आतापर्यंत ती क्लबच्या जुन्या बॅटनं खेळत होती, आज तिची स्वतःची बॅट आली. पाच नंबर, इंग्लिश विलो, समोर कसलाही पारदर्शक कागद चिकटवलेला नाही. बॅट हातात आली की पोरं आधी हवेत दोन-चार ड्राइव्ह मारतात आणि मग विचारतात, "उद्या नेटला नेऊ?" तिनंही तेच विचारलं. नाही म्हटलं. चेहरा पडला, पण तेल लावायचं काम तिलाच देणार म्हटल्यावर जरा खुलली.

नवी बॅट तेल लावून आणि ठोकून लाकूड पक्कं केल्याशिवाय खेळायला काढायची नसते. क्लबच्या इतर पालकांनाही हेच करायचं असतं, म्हणून या वेळी तारखेनिशी लिहून ठेवतोय.

आधी बॅट नीट पाहून घेतली. समोरच्या भागावर लाकडाच्या आठ रेषा आहेत, बऱ्यापैकी सरळ, खालच्या टोकापर्यंत जाणाऱ्या. एका कडेला गडद तपकिरी पट्टा आहे. तो झाडाच्या आतल्या लाकडाचा, दोष नव्हे. हँडल पात्यात जिथे बसवलेलं असतं तो व्ही आकाराचा सांधा, म्हणजे स्प्लाइस, घट्ट आहे, कुठे फट दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ९४० ग्रॅम. हा आकडा पुढे लागेल.

मग भाचीला अंगठ्याच्या नखानं दोन ठिकाणी दाबायला लावलं: एकदा पात्याच्या बरोबर मध्यावर आणि एकदा खालच्या कोपऱ्याशी, अगदी कडेवर. मध्यावर नख जेमतेम उमटलं. कडेवर बारीक चंद्रकोर राहिली. पुढच्या सगळ्या कामाचं कारण एवढंच आहे. कारखान्यात पातं जड रोलरखाली दाबतात. त्या दाबानं विलोच्या वरच्या थरातले पोकळ तंतू एकमेकांत घट्ट बसतात, आणि मऊ लाकूड चेंडूचा मार झेलू शकतं. पण रोलरचा खरा भार समोरच्या सपाट भागावर पडतो. दोन्ही कडा, कडेचा तो धारदार कोन आणि तळाचं टोक जवळजवळ जसंच्या तसं मऊ राहतं. आणि लहान पोरांचे चेंडू लागतात कुठे? निम्मे तिथेच.

म्हणून माझं मत असं की मुलांची बॅट ठोकताना मधला भाग दुय्यम समजावा. बहुतेक जण उलटं करतात. मधोमध ठोकायला सोपं जातं, आवाजही छान येतो, मग तासन्‌तास तिथेच ठोकत बसतात.

२ ऑक्टोबर

तेल. जवसाचं कच्चं तेल हवं. रंगकामासाठी मिळतं ते 'बॉइल्ड' तेल चालत नाही. त्यात लवकर वाळण्यासाठी रसायनं घातलेली असतात आणि लाकडावर कडक पापुद्रा धरतो. आपल्याला पापुद्रा नको, तंतू थोडे लवचिक राहायला हवेत आणि हवेतला ओलावा पटकन आत-बाहेर होऊ नये एवढंच हवं.

भाचीनं चहाचा एक चमचा तेल पात्यावर ओतलं आणि सुती फडक्यानं पसरवलं. समोरचा भाग, दोन्ही कडा आणि तळ. पाठीवर फडक्यात उरलं तेवढंच फिरवलं, स्टिकर सोडून. स्प्लाइसच्या वर जायचं नाही. तिथे गोंदाचा सांधा आहे, आणि तेल त्यात मुरलं की पकड ढिली होते. हँडलला तर अजिबात नाही.

"मामा, अजून थोडं घालू का? सगळं पिऊन टाकलं बघ."

पिऊन टाकलं याचा अर्थ तहान आहे असा नाही. विलो मऊ लाकूड, देईल तेवढं तेल ओढत राहतं. जास्त झालं की बॅट जड होते, तंतू भिजल्यासारखे मऊ पडतात, आणि चेंडू लागल्यावर मंद ठप्प आवाज येतो. त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. चमचाभर म्हणजे चमचाभर.

बॅट आडवी ठेवली, तोंड वर. भिंतीला टेकवून उभी केली तर तेल तळाशी उतरतं, आणि टोकाचं मऊ लाकूड नको तेवढं भिजतं.

फडकं दोरीवर उलगडून वाळत टाकलं. हे विसरू नये. जवसाच्या तेलाचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर वाळताना तो आतून तापतो आणि आपोआप पेटूही शकतो. हे भीती घालायला सांगत नाही, असं खरंच घडतं. पूर्ण वाळल्यावरच कचऱ्यात टाकायचं.

४ ऑक्टोबर

कालचा दिवस बॅट नुसती पडून होती. आज तेलाचा दुसरा हात, पहिल्यापेक्षा कमी. हात फिरवून पाहिला तर मधला भाग अजून किंचित तेलकट, तळाचा भाग कोरडा. म्हणून बहुतेक तेल कडांना आणि तळाला. तिसरा हात लावायचा नाही असं ठरवलं. लाकूड कोरडं-फिक्कं दिसत असतं तर लावला असता.

६ ऑक्टोबर

वजन ९४६. दोन हातांत सहा ग्रॅम वाढले, ठीक आहे. हेच पंचवीस-तीस वाढले असते तर ठोकणं लांबवून बॅट आठवडाभर हवेशीर जागी आडवी ठेवली असती.

आजपासून ठोकणं. आमच्याकडे गोल डोक्याचा लाकडी हातोडा, म्हणजे मॅलेट आहे. सुताराचा चौकोनी डोक्याचा मॅलेट घेऊ नका, त्याची कड पात्यात रुतते. मोज्यात जुना लेदर बॉल घालूनही काही जण ठोकतात. मध्यासाठी ते चालतं, पण कडेवर नेम धरता येत नाही, आणि खरं काम कडेवरच आहे.

बसायची पद्धत: खुर्चीवर बसून बॅट मांडीवर आडवी, खाली दुमडलेली चादर. हँडल डाव्या हातात सैल धरलेलं. बॅट जमिनीवर किंवा टेबलावर टेकवून ठोकायची नाही. खाली कठीण आधार असला की मार पाठीकडूनही बसतो.

पहिल्या दिवशी मॅलेट वीतभरापेक्षाही कमी उंचीवरून, स्वतःच्या वजनानं पडेल इतकाच. जोर लावायचा नाही. तळापासून साधारण चार बोटं वर सुरुवात करून स्टिकरच्या खालपर्यंत, ओळीनं. भाचीला आधी हे फारच पुळचट वाटलं. दोन मिनिटांनी तिनं मनगटानं एक सणसणीत ठेवून दिला, आणि अर्धगोल खूण उमटली. बरं झालं, दाखवायला सापडली. खूण उमटली म्हणजे या टप्प्याला जोर जास्त झाला, एवढं साधं माप. खूण उथळ होती, आजूबाजूला हलकं ठोकत गेल्यावर बरीचशी भरून आली.

दहा-पंधरा मिनिटांत थांबलो. एका बैठकीत तासभर ठोकण्यापेक्षा रोज थोडं बरं. शिवाय हात दमला की नेम चुकतो, आणि चुकलेला फटका नेमका कडेला बसतो.

९ ऑक्टोबर

रोज संध्याकाळी चालू आहे. जोर थोडा वाढवला. आवाज बदलायला लागलाय: मध्यावर पहिल्या दिवशी बसका 'ठप' येत होता, आता कोरडा, मोकळा 'टक'. पण आवाजावरून निष्कर्ष काढताना एक काळजी घ्यावी. तळाशी पातं पातळ असतं, तिथला आवाज कधीच मध्यासारखा होत नाही. मध्याशी तळाची तुलना करायची नाही, कालच्या तळाशी आजच्या तळाची करायची.

मधला भाग माझ्या मते जवळजवळ झाला. तो रोलरनं आधीच अर्धा केलेला होता. उद्यापासून कडा.

११ ऑक्टोबर

कडांचं काम आज सविस्तर लिहितो, कारण इथेच नव्या बॅटी वाया जातात.

समोरचा भाग आणि बाजू जिथे मिळतात तिथे नव्या बॅटला धारदार कोन असतो. अंगठा फिरवला तर टोचत नाही, पण रेघ स्पष्ट लागते. चेंडू या रेघेवर बसला की सगळा मार बोटभर रुंदीच्या न दाबलेल्या लाकडावर येतो, आणि तिथून चीर सुटते किंवा ढलपी निघते. आपल्याला ही रेघ गोलसर करायची आहे. रंधा किंवा पॉलिश पेपरनं घासून नव्हे, तर दाबून. घासलं तर कोन जातो खरा, पण त्याखाली पुन्हा कच्चंच लाकूड समोर येतं.

बॅट मांडीवर किंचित तिरपी केली, कड वर येईल अशी. मॅलेट त्या कोनावर साधारण ४५ अंशांत, थोडा निसटता मारायचा. सुरुवात पुन्हा अगदी हलकी, मध्यावर कितीही जोर लावत असलो तरी. कडेला आपला हा पहिलाच दिवस. तळापासून वर स्टिकरपर्यंत एक फेरी, मग परत खाली. एकाच जागी सलग मारत राहायचं नाही, खड्डा पडतो आणि शेजारी उंचवटा राहतो.

बाजूवरून सरळ, म्हणजे ९० अंशांत, कडेवर कधीही मारायचं नाही. तंतू वरून खाली धावतात, बाजूनं बसलेला फटका त्यांना एकमेकांत दाबत नाही, एकमेकांपासून सोडवतो. मॅचमध्येही चेंडू बाजूवर अगदी सरळ क्वचितच बसतो, त्यामुळे तिथे ठोकून मिळवायचं काहीच नाही.

भाचीनं डावी कड केली, मी उजवी. ती उजव्या हातानं खेळते, तर स्लिपच्या बाजूच्या कडेला जास्त वेळ द्यायचा का असं तिनं विचारलं. प्रश्न चांगला होता. मोठ्या माणसाच्या बॅटला कदाचित दिलाही असता. पण या वयात पुल मारताना चेंडू आतल्या कडेला तितकाच लागतो, म्हणून दोन्हींना सारखा वेळ.

१३ ऑक्टोबर

कडेची रेघ बोटाला आता तुटक लागते. मधल्या पट्ट्यात गेलीय, तळाकडच्या चार-पाच बोटांत अजून आहे. तिथेच पातं पातळ, लाकूड कमी, त्यामुळे जोर वाढवायची घाई करता येत नाही. फेऱ्या वाढवायच्या, जोर नाही.

शेजारच्या आजोबांनी विचारलं, घरात सुतारकाम काढलंय का. आता दुपारी ठोकत नाही.

१४ ऑक्टोबर

आज तळ. तळाच्या समोरच्या कोपऱ्याला कडेसारखंच वागवायचं: तिरपा, निसटता फटका, धारदार कोन गोलसर होईपर्यंत. बॅट उलटी धरून थेट तळावर, म्हणजे जो भाग जमिनीला टेकतो त्यावर, मारायचं नाही. तिथे तंतूंची कापलेली टोकं उघडी असतात. टोकावर मारलं की जोर तंतूंच्या दिशेनं सरळ वर चढतो आणि पातं उभं फाकतं. लाकूड फोडताना कुऱ्हाड त्याच दिशेनं घालतात.

स्प्लाइस आणि पाठ यांनाही हात लावायचा नाही. पाठीनं कुणी चेंडू मारत नाही, आणि स्प्लाइसवर ठोकलं तर गोंद सुटतो.

१५ ऑक्टोबर

नेटवर एका मुलाची बॅट पाहिली. तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली, त्यावर 'खेळायला तयार' असं छापलेलं. तळापासून वर दोन बोटं उभी चीर, आणि तळ बाहेर फुगलेला. मधला भाग सुरेख होता, एक खूण नाही. मशीननं ठोकून दिलेल्या बॅटचं असं होतं. मशीन सपाट भाग चांगला करतं, कडा आणि तळापर्यंत नीट पोचत नाही. तशी बॅट घेतली तरी हातानं तास-दीड तास कडा-तळाचं काम करावंच लागतं.

चिरेचं कारण मात्र दुहेरी होतं. मुलगा स्टान्स घेताना सिमेंटच्या विकेटवर बॅट जोरात आपटतो. त्याच्या वडिलांना दाखवलं, चार चेंडूंत सहा वेळा आपटली. चीर अजून वरवरची होती. लाकडाचा गोंद पातळ करून आत सोडला, क्लॅम्पखाली दोन लाकडी पट्ट्यांमध्ये रात्रभर धरायला सांगितलं, आणि वर टो गार्ड, म्हणजे तळाला चिकटवायचा रबरी तुकडा. फुगवटा तसाच राहील. तो ओलाव्याचा आहे, वाळला की थोडा बसतो, पूर्ण नाही.

१८ ऑक्टोबर

चाचणी. खूप जण हे टाळतात. तास मोजतात, 'सहा तास झाले, संपलं' म्हणतात. तीन-चार तासांत होणारी बॅट असते तशी सात तास मागणारीही असते, प्रत्येक लाकूड वेगळं. तास हा अंदाज झाला. बॅट झाली की नाही ते चेंडूच सांगतो.

जुना, शिवण बसलेला पण आकार न बिघडलेला लेदर बॉल घेतला. मुलांचा, हलका. तेरा वर्षांखालच्या मुलांच्या चेंडूचं वजन नियमानुसार १३३ ते १४४ ग्रॅम असतं. मोठ्या पुरुषांचा चेंडू साधारण १५६ ग्रॅमच्या पुढे. भाचीनं बॅट धरली, मी पाच-सहा पावलांवरून खालून हलके चेंडू टाकले. तिनं फक्त अडवायचे, मारायचे नाहीत. आधी मध्यावर, मग मुद्दाम खाली, मग दोन्ही कडांजवळ.

नंतर घरातले दिवे बंद केले आणि टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरला. समोरून प्रकाशात जे दिसत नाही ते असं बाजूनं सावली पडून दिसतं. मध्यावर चेंडूचा लाल रंग होता, खड्डा नव्हता. रंग लागणं वेगळं, शिवण रुतणं वेगळं. डाव्या कडेला काही नाही. उजव्या कडेला, तळापासून तीन ते सहा बोटांच्या पट्ट्यात, शिवणीच्या दोन समांतर ओळी नखाला लागत होत्या. तळाच्या समोरच्या कोपऱ्यातही एक.

उजवी कड मी केली होती. भाचीनं हे दोनदा बोलून दाखवलं. तिचं काम सावकाश आणि सारखं होतं, हेही खरंच.

निष्कर्ष सरळ: बॅट पूर्ण तयार नाही, पण सगळीकडे परत ठोकायची गरजही नाही. तेवढ्याच पट्ट्यात काम करायचं. मध्यावर उगाच ठोकत राहिलं तर लाकूड गरजेपेक्षा घट्ट होत जातं आणि बॅटचं आयुष्य कमी होतं.

२१ ऑक्टोबर

तीन संध्याकाळी फक्त उजवा पट्टा आणि तळाचा कोपरा. आज पुन्हा तीच चाचणी, तोच चेंडू, तोच टॉर्च. उजव्या कडेला अस्पष्ट रेघ आहे, पण नख अडकत नाही. तळ स्वच्छ. अंगठा कडेवरून फिरवला तर कुठेच रेघ तुटत नाही, गोलाई सलग लागते. एवढं पुरे. विलो मऊ लाकूड आहे, शंभर टक्के खूण न पडणारी बॅट म्हणजे मेलेली बॅट.

२४ ऑक्टोबर

अँटी-स्कफ शीट, कडेची टेप, टो गार्ड. तेल लावून जवळपास तीन आठवडे झालेत, म्हणून आज. तेल ताजं असताना शीट चिकटत नाही, कोपऱ्यांतून उचकटते. आधी कोरड्या फडक्यानं पुसलं, मग अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला आणि धूळ झटकली. शीट मधून बाहेर दाबत नेली, हवेचा बुडबुडा राहिला तिथे सुईनं टोचून बसवला. कडेवर शीट थोडी वळवून घेतली, त्यावर फायबरग्लासची टेप.

शीटबद्दल एक सांगतो. शीट ठोकण्याचा पर्याय नाही. पारदर्शक शीटखाली कच्चं लाकूड असलं तर तडा शीटच्या आतच जातो आणि तो दिसायलाही उशीर होतो. शीट ओरखड्यापासून आणि दवापासून वाचवते, फटक्यापासून नाही. नियमांतही तिला मर्यादा आहे: पात्यावरचं आवरण १ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, आणि तळाला लावलेलं संरक्षण ३ मिलिमीटरपर्यंत. पोरं एकावर एक तीन टेपा गुंडाळतात, त्यांना हे सांगावं लागतं.

टो गार्ड रबराचा. चपला-बूट चिकटवायचा लवचिक गोंद वापरला. झटपट चिकटणारा काचेसारखा गोंद घेऊ नये, तो वाळून ठिसूळ होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या यॉर्करला तुटतो. तळाला आणि रबराला दोन्हीकडे पातळ थर दिला, दहा मिनिटं थांबलो, मग दाबून रात्रभर टेपनं बांधून ठेवला. सकाळी बाहेर आलेलं रबर पात्याच्या आकारात कापायचं. कापताना ब्लेड लाकडाकडून बाहेर न्यायचं.

२६ ऑक्टोबर

नेटवर पहिला दिवस. ठरवून घेतलं: जुना चेंडू, सावकाश गोलंदाजी, पहिले दोन-तीन दिवस यॉर्कर नाहीत. बोलिंग मशीनच्या खड्डेदार प्लास्टिक चेंडूंसमोर ही बॅट इतक्यात न्यायची नाही. ते लेदर बॉलपेक्षा कठीण असतात आणि दाबले जात नाहीत, सगळा मार लाकडाला सोसावा लागतो. त्यासाठी क्लबची जुनी बॅट आहेच. स्वस्तातले, प्लास्टिकसारखी चकाकी असलेले कडक चेंडूही नकोत.

भाचीच्या बॅटच्या मध्यावर दोन चेंडू बसले. "मामा, आवाज ऐकला?" ऐकला. तिसरा तळाला लागला, तिचे हात झिणझिणले, टॉर्चनं पाहिलं, काही नाही.

आणखी एक सवय आजच लावली: स्टान्समध्ये बॅट बुटाच्या टोकाशी किंवा हवेत. टेकवायची असेल तर टेकवायची, आपटायची नाही.

९ नोव्हेंबर

भाची घाबरून आली, समोर चिरा पडल्यात म्हणून. शीटखाली मध्यावर केसाइतक्या दोन-तीन बारीक रेघा, तंतूंच्या दिशेनं. नख अडकत नाही, चेंडू लागल्यावर आवाज तसाच मोकळा. हे होणारच. चांगल्या विलोवर लवकर होतं. यात काही करायचं नाही.

काळजीची चीर ओळखायला तीन गोष्टी पाहतो. ती कडेपासून सुरू होते का, तिच्यात नख जातं का, आणि चेंडू लागल्यावर खुळखुळणारा किंवा फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो का. कडेची चीर दिसली की त्याच दिवशी गोंद आणि टेप, पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं नाही. दुसरी एक गोष्ट हँडलची. हँडल वळवून पाहिलं आणि स्प्लाइसमधून करकर आली तर ते घरी दुरुस्त करण्यासारखं नसतं, बॅट बनवणाऱ्याकडेच न्यायची.

२२ नोव्हेंबर

सकाळची मॅच, गवत ओलं. घरी आल्यावर बॅट किटबॅगेतून काढली तर ओले पॅड आणि ग्लोव्हज तिच्यावरच टाकलेले. टो गार्डच्या मागे, पाठीकडच्या बाजूला ओल शिरली होती. कोरड्या फडक्यानं पुसून बॅट हवेशीर जागी आडवी ठेवली. उन्हात नाही, हीटरजवळ नाही, हेअर ड्रायर तर मुळीच नाही. बाहेरचं लाकूड झटकन सुकतं, आतलं ओलं राहतं, आणि त्या ओढाताणीत तळ फाकतो. बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅटही उन्हाळ्यात अशीच कडकडीत वाळते आणि ठिसूळ होते.

टो गार्डची मागची कड दोन मिलिमीटर सुटली होती, पाणी तिथूनच आत गेलं. दोन दिवस वाळू दिली, मग पुन्हा गोंद. ओल्या लाकडावर लगेच गोंद लावला असता तर ओल आतच कोंडली असती.

१७ जानेवारी

हंगामाची मोठी सुट्टी, बॅट तपासली. वजन ९५२. शीट, टेप आणि टो गार्ड धरून हे ठीकच आहे. उजव्या कडेची टेप एका जागी फाटली होती. सोलून पाहिली, खाली लाकूड शाबूत, नवी टेप लावली. शीट असलेल्या समोरच्या भागाला तेल लागणार नाही आणि लावायचंही नाही. पाठ आणि उघड्या कडा यांवर अर्ध्या चमच्याहून कमी, फडक्यानं पुसल्यासारखं. भाची म्हणाली, "एवढंसंच?" एवढंसंच.

पिशवीत ठेवताना किटबॅगेत कोंबली नाही. बॅटच्या कापडी आवरणात घालून कपाटात आडवी ठेवली. तिची उंची भराभर वाढतेय, पुढच्या हंगामात सहा नंबर लागेल असं दिसतंय. ही बॅट धाकट्या भाच्याला जाईल. तो डावखुरा आहे, म्हणजे स्लिपकडची कड बदलणार, तेव्हा द्यायच्या आधी डाव्या कडेवर पुन्हा टॉर्च धरून पाहायचा.